अकोल्यातली सकाळ, टेक्सासमधली रात्र: महत्त्वाचा मेल किंवा मेसेज नेमका कधी पाठवायचा?

परदेशातल्या प्राध्यापकांना पहिला मेल, शिफारसपत्रासाठी सरांना मेसेज, सरकारी कार्यालयाला अर्ज. यातलं काहीही पाठवताना मजकुरावर आपण तासभर घालवतो आणि पाठवण्याची वेळ मात्र योगायोगावर सोडतो. लिहून झालं की पाठवलं. मग मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये रात्री साडेअकराला पडतो आणि सकाळपर्यंत पन्नास मेलखाली जातो. नाहीतर सरांचा फोन रविवारी रात्री वाजतो आणि 'उद्या बघू' म्हणून ते फोन बाजूला ठेवतात.

समोरच्याच्या कामाच्या वेळेत मेसेज कसा पोहोचवायचा, त्यासाठी वेळेचं गणित काय, आणि 'शेड्यूल'चं बटण कुठे दगा देतं, हे एका उदाहरणातून समजून घेऊ.

उदाहरण काय आहे?

समजा, एक विद्यार्थिनी आहे. अमरावतीच्या श्री शिवाजी कृषी महाविद्यालयातून तिने बी.एस्सी. केलं आणि आता ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे. विषय कापूस. पीएच.डी.साठी तिला अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात जायचं आहे. हे विद्यापीठ लबक शहरात आहे आणि वऱ्हाडासारखाच तोही कापसाचा पट्टा आहे. अर्ज भरण्याआधी तिला तिथल्या एका प्राध्यापकांना मेल करायचा आहे: 'तुमच्याकडे पुढच्या वर्षी विद्यार्थ्यासाठी जागा आहे का?'

अशा मेलला उत्तर आलं नाही, तर अर्जाचे पैसे भरावेत की नाही इथपासून प्रश्न सुरू होतो. त्यामुळे मेल वाचला जाणं गरजेचं आहे. नवीन मेल वर आणि जुने खाली, अशीच बहुतेकांच्या इनबॉक्सची मांडणी असते. प्राध्यापक सकाळी ऑफिसात येऊन मेल बघायला बसतात, तेव्हा आपला मेल वरच्या दोन-चारांत असावा, एवढंच साधायचं आहे.

अकोला आणि लबक यांच्यात नेमका फरक किती?

भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरते. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. 82.5 गुणिले 4 म्हणजे 330 मिनिटं, म्हणजेच साडेपाच तास. आपण जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत ते यामुळे. बऱ्याच देशांचा हा आकडा पूर्ण तासांत असतो, आपल्याकडे तो अर्धा तास चिकटतो आणि तोंडी हिशेब इथेच चुकतो.

लबक अमेरिकेच्या 'सेंट्रल टाइम' पट्ट्यात येतं. हिवाळ्यात हा पट्टा जागतिक वेळेच्या 6 तास मागे असतो, तर उन्हाळ्यात 5 तास मागे. कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. भारतात असा बदल नाही. म्हणून अकोला आणि लबक यांच्यातला फरक वर्षभर सारखा राहत नाही. उन्हाळी वेळेत तो साडेदहा तास असतो आणि हिवाळी वेळेत साडेअकरा.

हे लक्षात ठेवायची सोपी युक्ती आहे. लबकची वेळ घ्या, सकाळचं रात्र करा आणि उन्हाळी वेळ असेल तर त्यातून दीड तास वजा करा, हिवाळी असेल तर अर्धा तास. तिथले सकाळी साडेआठ म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडचे संध्याकाळी सात आणि हिवाळी वेळेत रात्री आठ. तारीख दोन्हीकडे तीच राहते.

हाच हिशेब उलटा केला तर चूक कुठे होते ते दिसतं. विद्यार्थिनी सोमवारी सकाळी 11 वाजता अकोल्यातून उत्साहाने मेल पाठवते. ऑक्टोबर असेल तर त्या वेळी लबकमध्ये रविवारची रात्र उलटून साडेबारा वाजलेले असतात. डिसेंबर असेल तर अजून रविवारच असतो, रात्रीचे साडेअकरा. आपला सोमवार म्हणजे त्यांचा सोमवार नाही. शनिवारी सकाळी 10 वाजता पाठवलेला मेल तर तिथे शुक्रवारी रात्री पोहोचतो आणि दोन दिवसांच्या सुट्टीत खाली खाली जात राहतो.

म्हणून अकोल्याहून लबकला मेल पाठवायला सोयीची वेळ म्हणजे मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी सात ते रात्री साडेनऊ. सोमवारी सकाळी तिथे शनिवार-रविवारचे साचलेले मेल असतात. शुक्रवारी पाठवलेल्या मेलला त्याच दिवशी उत्तर आलं नाही, तर तो सोमवारवर ढकलला जातो.

जीमेलचं 'उद्या सकाळी' कोणाच्या सकाळचं?

विद्यार्थिनीला संध्याकाळी प्रयोगशाळेत काम असतं, म्हणून ती मेल शेड्यूल करायचं ठरवते. जीमेलमध्ये ही सोय एप्रिल 2019 पासून आहे. कॉम्प्युटरवर 'Send' बटणाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की 'Schedule send' दिसतं. मोबाइलवर मेल लिहिताना वरच्या तीन टिंबांत तोच पर्याय असतो.

तिथे जीमेल स्वतःहून तयार वेळा सुचवतं. 'Tomorrow morning' म्हणजे सकाळी 8, 'Tomorrow afternoon' म्हणजे दुपारी 1. घाईत यातलाच एक पर्याय निवडला जातो. पण ही सकाळ अकोल्याची असते. मेल जिथून शेड्यूल केला तिथली वेळ जीमेल धरतं, ज्याला पाठवायचा त्याची नाही. समोरची व्यक्ती कुठल्या देशात आहे, हे त्याला माहीत नसतं. म्हणजे 'उद्या सकाळी 8' असं निवडलेला मेल लबकमध्ये आदल्या दिवशी रात्री साडेनऊला पोहोचतो, हिवाळ्यात साडेआठला. शेड्यूल करूनही मेल रात्रीच गेला.

म्हणून या तयार वेळा सोडून 'Pick date & time' निवडायचं आणि हिशेब करून आलेली भारतीय वेळ स्वतः टाकायची. मेल शेड्यूल झाल्यावर दिवस, तारीख आणि वेळ सांगणारी एक ओळ स्क्रीनवर येते. ती एकदा वाचायची. दुपारचे 12 आणि रात्रीचे 12 यांतला AM-PMचा घोळ तिथेच पकडता येतो.

नोव्हेंबरमध्ये काय बिघडतं?

आता खरी मेख. विद्यार्थिनी गुरुवारी, 29 ऑक्टोबर 2026 रोजी मेल लिहून ठेवते. तो बुधवारी, 4 नोव्हेंबरला लबकच्या सकाळी साडेआठला पोहोचावा असं तिला वाटतं. ती गुगलवर 'टाइम इन लबक' शोधते. त्या क्षणी दोन्ही शहरांतला फरक साडेदहा तासांचा दिसतो. त्यानुसार ती 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 7 ही वेळ टाकते.

पण मधे 1 नोव्हेंबरचा रविवार येतो आणि त्या दिवशी अमेरिकेची घड्याळं एक तास मागे जातात. बुधवारी फरक साडेअकरा तासांचा झालेला असतो. मेल लबकमध्ये सकाळी साडेसातला पोहोचतो. बरोबर वेळ होती रात्री 8.

मेलच्या बाबतीत एक तास लवकर पोहोचणं फारसं बिघडवत नाही. पण हीच चूक ऑनलाइन मुलाखतीच्या वेळेत झाली तर महागात पडते. नोव्हेंबरमध्ये जुना फरक धरला तर आपण तासभर आधी जाऊन बसतो. मार्चमध्ये मात्र उलटं होतं. 8 मार्च 2026 च्या रविवारी तिथली घड्याळं पुढे गेली. त्यानंतर लबकची सकाळी 9 ची मुलाखत भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला येते. जुन्या हिशेबाने रात्री साडेआठला लॉगिन केलं, तर मुलाखत संपलेली असते.

म्हणून नियम असा की फरक आजचा बघायचा नाही, ज्या तारखेला मेसेज पोहोचायचा त्या तारखेचा बघायचा. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेची नोंद करताना टाइम झोन बदलून 'सेंट्रल टाइम' निवडला आणि सकाळी साडेआठ टाकले, की सेव्ह केल्यावर तीच नोंद आपल्या वेळेत दिसते. उन्हाळी-हिवाळी बदल कॅलेंडर स्वतः धरतं.

इतर देशांचं काय?

ब्रिटनशी फरक हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा. हिवाळ्यात काट्यांचं घड्याळ उलटं धरलं, तर लंडनची वेळ जवळपास अचूक दिसते. युरोपात घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. म्हणजे 2026 मध्ये युरोपचा बदल 25 ऑक्टोबरला आणि अमेरिकेचा 1 नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात दोन्हीकडे मेल पाठवणाऱ्यांनी दोन्ही हिशेब वेगळे करायला हवेत. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिथे घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे तिथला हिशेब वर्षभर एकच.

शेड्यूल केलेला मेसेज खरंच जातो का?

हे मेसेज कुठे साठवला जातो यावर अवलंबून आहे. जीमेलमध्ये शेड्यूल केलेला मेल गुगलच्या सर्व्हरवर थांबतो. ठरलेल्या वेळी अकोल्यात वीज गेलेली असो, फोन बंद असो किंवा तुम्ही रेंज नसलेल्या शेतात असा, मेल जातो. टेलिग्राममध्येही तसंच. तिथे पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ निवडता येते.

गुगलच्या 'मेसेजेस' ॲपमधून शेड्यूल केलेला एसएमएस मात्र फोनमध्येच थांबतो. त्या वेळी फोन चालू आणि नेटवर्कमध्ये असावा लागतो. बॅटरी संपली असेल तर मेसेज वेळेवर जात नाही. म्हणून ज्या मेसेजवर काही अवलंबून आहे, तो सर्व्हरवर थांबणाऱ्या मार्गानेच शेड्यूल करावा.

दुसरा धोका वेगळा आहे. शेड्यूल केलेला मेल मधल्या काळात काय घडलं ते बघत नाही. प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या पानावर 'सध्या जागा नाही' असं लिहिलं, तरी बुधवारी तो मेल जाणारच. सोबत ड्राइव्हची लिंक दिली असेल आणि ती उघडायची परवानगी दिलेली नसेल, तर सकाळी साडेआठला प्राध्यापकांना 'रिक्वेस्ट ॲक्सेस'चं पान दिसेल आणि तुम्ही कदाचित प्रयोगशाळेत असाल. म्हणून बायोडेटा लिंकऐवजी पीडीएफ म्हणून जोडावा, आणि मेल जाण्याच्या दिवशी दुपारी जीमेलच्या 'Scheduled' फोल्डरमध्ये एकदा नजर टाकावी. बदल करायचा असेल तर 'Cancel send' केल्यावर तो मेल पुन्हा ड्राफ्टमध्ये येतो. दुरुस्ती झाल्यावर वेळ नव्याने टाकावी लागते. हे विसरलं तर मेल ड्राफ्टमध्येच पडून राहतो आणि आपण उत्तराची वाट बघत बसतो.

मेल खरंच त्यांच्या सकाळी पोहोचला का, हे उत्तर आल्यावर कळू शकतं. उत्तराखाली आपला जुना मेल जोडलेला असतो. त्यावरच्या ओळीत तो कधी आला याची वेळ असते, आणि ती बहुतेक वेळा उत्तर देणाऱ्याच्या घड्याळातली असते. तिथे 7:30 AM दिसलं, तर आपला हिशेब एक तासाने चुकला होता. पुढचा मेल त्यानुसार टाकता येतो.

सरांना मेसेज कधी करायचा?

अर्जाला शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक अमरावतीच्या महाविद्यालयातले जुने सर देणार आहेत. इथे टाइम झोनचा प्रश्न नाही, पण वेळेचा आहेच. सरांचा नंबर व्हॉट्सॲपवर आहे म्हणून रात्री अकराला मेसेज करायचा का?

एक मापदंड कायद्याच्या बाजूने मिळतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये कर्जवसुली करणाऱ्या एजंटांना सांगितलं की थकबाकीसाठी कर्जदाराला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. पैसे बुडवणाऱ्यालाही जिथे एवढी मोकळीक आहे, तिथे मदत मागायला जाणाऱ्याने ती ओलांडू नये.

सरांसाठी कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा ते बारा ही वेळ बरी. तास कधी असतात हे माहीत असेल तर ते टाळून. व्हॉट्सॲपमध्ये शेड्यूलचा पर्याय दिसत नसेल, तर त्यासाठी बाहेरची ॲप टाकू नयेत. अशी काही ॲप आपले मेसेज वाचण्याची आणि स्क्रीनवर आपल्या वतीने बटण दाबण्याची परवानगी मागतात. साधा मार्ग असा: रात्री मेसेज सुचला तर तो स्वतःच्याच नंबरच्या चॅटमध्ये लिहून ठेवायचा आणि सकाळी साडेदहाचा अलार्म लावायचा. सरांच्या चॅटमध्येच अर्धवट लिहून ठेवलं, तर बोट चुकून बटणावर पडण्याची भीती असते.

मेसेजमध्ये मुदत भारतीय वेळेत लिहावी. समजा अर्जाची मुदत मंगळवार, 1 डिसेंबर 2026, रात्री 11.59, सेंट्रल टाइम अशी आहे. तेव्हा हिवाळी वेळ असते, म्हणून साडेअकरा तास मिळवायचे. आपल्याकडे ती बुधवारी, 2 डिसेंबरला सकाळी 11.29 ला संपते. पण हा उरलेला वेळ स्वतःपाशी ठेवायचा आणि सरांना आधीची तारीख सांगायची. उदाहरणार्थ:

'नमस्कार सर, मी तुमची 2024 च्या बॅचची विद्यार्थिनी. टेक्सास टेक विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. तुमचं शिफारसपत्र मिळालं तर फार मदत होईल. विद्यापीठाकडून तुम्हाला मेलवर लिंक येईल. ती 20 नोव्हेंबर, शुक्रवारपर्यंत भरता आली तर बरं होईल. बायोडेटा मेलवर पाठवला आहे. फोनवर बोलायचं असल्यास तुम्हाला सोयीची वेळ कळवा, सर.'

20 नोव्हेंबर ही तारीख उगाच नाही. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. त्याच्या आसपास कॉलेजला सुट्ट्या असतात आणि सर गावी गेलेले असू शकतात. म्हणून पहिला मेसेज दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरच्या मध्यावर जायला हवा. तिकडे 26 नोव्हेंबरचा गुरुवार अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा. त्याला लागून शुक्रवारही बहुतेक विद्यापीठांत सुट्टीचा, मग शनिवार-रविवार. लिंक उघडत नाही अशी तक्रार त्या चार दिवसांत केली, तर तिथे उत्तर द्यायला कोणी नसतं. 20 तारखेला पत्र अडलं, तर दुरुस्तीसाठी 23 ते 25 नोव्हेंबरचे निदान दोन-तीन कामाचे दिवस हातात राहतात.

कार्यालयात कागद हवा असेल तर?

अर्जासोबत एखादा दाखला सरकारी कार्यालयातून आणायचा असेल, तर तिथलं वेळापत्रक वेगळं. महाराष्ट्रात राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार-रविवार सुट्टी आणि कामाची वेळ सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15. बँकांचं तसं नाही. त्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, इतर शनिवारी चालू. म्हणजे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँकेला केलेला मेल त्याच दिवशी वाचला जाऊ शकतो, पण जिल्हाधिकारी कार्यालयाला केलेला मेल सोमवारीच उघडेल.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला कार्यालयाला मेल गेला, तर त्यावर दोन दिवसांचे मेल चढतात. तोच मेल सोमवार टाळून मंगळवारी सकाळी दहाला शेड्यूल केला, तर टेबलावर बसलेल्या माणसाला तो वर दिसतो. इथे जीमेलचं 'Tomorrow morning' चालतं, कारण पाठवणारा आणि वाचणारा एकाच घड्याळावर असतात.

उत्तर आलं नाही तर?

वेळ साधली म्हणजे उत्तर येतंच असं नाही. प्राध्यापकांकडे जागा नसेल किंवा निधी नसेल, तर सकाळी साडेआठचा मेलही अनुत्तरित राहतो. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. ती नवीन मेलने नाही, जुन्याच मेलला 'रिप्लाय' करून, म्हणजे पहिला मजकूर खाली दिसतो आणि वर दोन ओळी पुरतात. 4 नोव्हेंबरला पहिला मेल गेला असेल तर आठवणीची तारीख 12 नोव्हेंबर, गुरुवार, रात्री 8. तेव्हा हिवाळी वेळच चालू असते, त्यामुळे फरक पुन्हा साडेअकरा तासांचा. त्याआधी रोज एक मेल टाकला, तर कितीही बरोबर वेळी टाकला तरी तो नकोसाच वाटतो.